उजवीकडची वस्तू

इंद्रजित सरांचा प्रकाशाचा धडा म्हणजे शाळेचा अर्धा उत्सव असायचा. डावा हात पसरून सर म्हणायचे, "डावीकडे?" दहावीचा वर्ग कौलं उडतील अशा आवाजात ओरडायचा, "ऋण." सर उजवा हात पसरायचे. "उजवीकडे?" "धन." मग दोन्ही हात खाली. "आणि वस्तू?" "कायम डावीकडे." शेजारच्या वर्गात मराठीच्या बाई कविता शिकवत असल्या तर त्या खडू खाली ठेवून ही आरती संपायची वाट बघायच्या.

सर मूळचे कराडकडचे. घरचा ऊस, वडील फौजेत राहून आलेले, त्यामुळे शिस्त घरातूनच मिळालेली. नोकरी लागली ती कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात. जिथं पाण्याचीच वानवा तिथं भिंगं आणि आरसे कुठले. प्रयोगशाळेत एक बहिर्गोल भिंग होतं, त्याचाही कोपरा उडालेला. म्हणून सरांनी ही हातवाऱ्यांची युक्ती काढली आणि ती लागू पडली. बोर्डाच्या परीक्षेत भिंगाच्या गणितात सरांच्या पोरांचे गुण जायचे नाहीत. आसपासच्या शाळांतले मास्तर ती आरती उचलून घेऊन गेले. सरांना त्याचा अभिमान होता, आणि तो त्यांनी फारसा लपवलाही नाही.

क्रांती या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. तिचा बाप केरबा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागचं. आता थोडी मेंढरं, थोडी ज्वारी आणि डाळिंबाची नवी लावलेली झाडं असा संसार. पोरगी डावखुरी. आजी, म्हणजे बनुबाई, तिला जेवताना दटावायची, पण लिहिताना काही म्हणायची नाही. लिहिणं कुठल्याही हातानं झालं तरी तिला ते एकसारखंच नवलाचं होतं.

डावखुऱ्या माणसाची एक अडचण उजव्या हाताच्यांना कधी कळत नाही. डावीकडून उजवीकडे लिहीत गेलं की तळहात ओल्या शाईवरून फिरतो आणि सगळं फासलं जातं. लिहिताना क्रांतीचा इलाज नव्हता. आकृती काढताना मात्र तिनं आपल्यापुरती सोय शोधली होती. ती उजवीकडून सुरुवात करायची. वस्तू उजवीकडे, मग किरण, मग भिंग, आणि प्रतिमा डावीकडे. आकृती स्वच्छ यायची. ही सोय तिनं कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सर कराडला मेहुण्याच्या घरी जावळाच्या जेवणाला गेले होते. पंगतीत वाढायला घेतलेलं, एका हातात आमटीची बादली, आणि खिशातला फोन काही केल्या गप्प बसेना. दहावीच्या ग्रुपवर सुट्टीचा अभ्यास दिलेला होता. पंगत उठल्यावर त्यांनी फोन काढला. क्रांतीनं वहीतल्या आकृतीचा फोटो टाकला होता आणि त्याच्याखाली वर्गात दंगल उसळली होती.

फोटोत बहिर्गोल भिंग होतं. वस्तू भिंगाच्या उजवीकडे तीस सेंटिमीटरवर. नाभीय अंतर वीस. वरती एक मोठा बाण, उजवीकडून डावीकडे जाणारा, आणि त्याच्यावर लिहिलेलं, "उजेड." खाली उदाहरण सोडवलेलं: वस्तूचं अंतर उणे तीस, नाभीय अंतर अधिक वीस, म्हणून प्रतिमेचं अंतर अधिक साठ. प्रतिमा वास्तव, उलटी, दुप्पट मोठी.

शंभूराज नावाचा पहिल्या बाकावरचा पोरगा हिरिरीनं विचारत होता, "सर, वस्तू उजवीकडं हाय. मग उणे कसं काय? आन प्रतिमा डावीकडं आलीय, ती अधिक कशी?" त्याच्यामागं आणखी सात-आठ जणांनी तेच विचारलं होतं. कुणी हसून लोळणारी चित्रं टाकली होती. क्रांतीनं एक छोटा आवाजी संदेश ठेवला होता. सरांनी तो कानाला लावून ऐकला.

"सर, आमी उजेड कुठल्या वाटेनं जातोय त्ये बघितलं. वाटेनं म्होरं मोजलं तर धन, वाटेच्या उलट मोजलं तर ऋण. बरूबर हाय का?"

बरोबर होतं. सगळं बरोबर होतं, आणि सरांना ते पहिल्या नजरेत कळलं होतं. डावं-उजवं ही सोय आहे. पुस्तकात वस्तू डावीकडे ठेवायची असं ठरवलंय म्हणून ती चालते. मूळ गोष्ट भिंगावर पडणाऱ्या प्रकाशाची दिशा. बी.एस्सी.ला असताना त्यांच्या सरांनी हेच फळ्यावर उलटी आकृती काढून शिकवलं होतं. आपल्या वर्गात कुणीतरी ते न शिकवता शोधून काढलं, हे कळल्यावर खरं तर त्यांनी मेहुण्याला बादली देऊन नाचायला हवं होतं.

पण पुढची पंगत बसत होती. ग्रुपवर चाळीस पोरं गोंधळून बसली होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती, आणि इतक्या वर्षांची बसवलेली आरती एका फोटोनं विस्कटायला लागली होती. सरांनी फोटोवर बोटानंच लाल रंगाची मोठी फुली मारली आणि तो परत टाकला. खाली लिहिलं, "चूक. वस्तू कायम डावीकडे. पुन्हा काढ." ग्रुप शांत झाला. सरांनी फोन खिशात घातला आणि जिलेबीचं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी वर्गात क्रांतीनं हात वर केला. "सर, पर उजेड उजवीकडनं आला तर?"

"येत नाही," सर म्हणाले.

"आला तर?"

"पुस्तकात येत नाही, परीक्षेत येत नाही. तू लय डोकं चालवू नको. मी सांगतो तसं लिही आणि गुण घे."

वर्ग हसला. क्रांतीही हसली, कारण सर हसत होते. त्यानंतर तिनं वस्तू डावीकडे काढायला सुरुवात केली. तिच्या आकृत्या फासायला लागल्या, पण उत्तरं अचूक यायची, आणि सर तिच्या वहीत "छान" लिहायचे. हात वर करायची तिची सवय हळूहळू सुटली. सरांना तेव्हा वाटलं की पोरगी शहाणी झाली.

बोर्डाची परीक्षा झाल्यावर निवड परीक्षेचं निघालं. कराडच्या एका संस्थेत अकरावी-बारावी विज्ञानाची निवासी तुकडी होती. राहणं, जेवण, शिकवणं सगळं संस्थेचं. पण जागा मोजक्या. क्रांतीला इंजिनियर व्हायचं होतं, आणि त्याला ही एकच वाट होती. केरबानं सरांना सरळ सांगितलं होतं, "सर, हितं लागली तर शिकंल. न्हाई तर तालुक्याला आर्ट्सला घालतो. सायन्सला रोज सांगलीला धाडणं आमच्यानं न्हाई व्हायचं. मेंढरामागं मी, घरात म्हातारी." त्यात तक्रार नव्हती, हिशेब मांडल्यासारखं होतं.

परीक्षेच्या दिवशी सर स्वतः दोघांना घेऊन गेले. कराड म्हणजे त्यांचं गाव. त्यांनी केरबाला फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पाजला. केरबा पटका सोडून पुन्हा बांधत होता आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, "जमंल न्हवं सर तिला?"

"तिला नाही जमलं तर कुणालाच नाही जमणार," सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

क्रांती बाहेर आली ती बऱ्या चेहऱ्यानं. प्रश्नपत्रिका सोबत आणू दिली होती. गणित चांगलं गेलं, रसायनही चांगलं गेलं, जीवशास्त्र थोडं अडलं. मग तिनं पान उलटलं आणि बोट ठेवलं. "सर, ह्यो एक आला हुता."

फळ्यावर काढलेल्या आकृतीचा फोटो छापला होता. खडूची रेघ, कोपऱ्यात डस्टरची सावली. अंतर्गोल आरसा फळ्याच्या डाव्या टोकाला. वस्तू आरशाच्या उजवीकडे, ध्रुवापासून तीस सेंटिमीटर. नाभीय अंतर वीस. वस्तूची उंची चार. प्रतिमेचं अंतर आणि उंची काढा, चिन्हं का घेतली ते सांगा, आणि प्रतिमेचं स्वरूप लिहा.

सरांनी आकृतीवर वाकून पाहिलं. "काय लिहिलंस?"

"पयल्यांदा माज्या मनानं केलं. उजेड उजवीकडनं आरशाकडं चाललाय, म्हंजी वस्तू त्याच्या वाटेच्या उलट. उणे तीस. नाभी बी तिकडंच, उणे वीस. उत्तर उणे साठ आलं. वास्तव, उलटी, दुप्पट. लिवून बी झालं हुतं." तिनं आकृतीवरचं बोट उचललं. "मग तुमची आठवण झाली. फुली मारली हुती न्हवं का तुमी. मग समदं खोडलं."

"खोडून काय लिहिलं?"

"उजवीकडं ते धन. वस्तू अधिक तीस. अंतर्गोल आरसा म्हंजी नाभीय अंतर उणे वीस, ते तर तुमी पाठच करून घेतलंय. उत्तर उणे बारा आलं. उणे म्हंजी डावीकडं, आरशाच्या मागं. मग आभासी, सुलटी, लहान. उंची एक पूर्णांक सहा."

सरांनी मनातल्या मनात पडताळलं. बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. फक्त अंतर्गोल आरसा समोरच्या वस्तूची आभासी प्रतिमा दाखवेल तर ती मोठीच असते, लहान कधीच नाही. दाढीच्या आरशात तोंड घातलेल्या कुणालाही ते माहीत असतं.

"मला बी वाटलं, कायतरी चुकतंय," क्रांती म्हणाली. "आभासी आन लहान कशी काय. पर म्हनलं, सरांनी सांगितल्यालं कसं चुकंल."

केरबा दोघांच्या तोंडाकडे बघत होता. "बरूबर हाय न्हवं सर?"

सरांना तिथंच सांगता आलं असतं. पण पोरगी सकाळपासून उपाशी होती, बापाच्या डोळ्यांत आशा होती, आणि एका प्रश्नानं काय होतंय असंही त्यांना वाटलं. "बघू," ते म्हणाले. "बाकीचा पेपर चांगला गेलाय." मग त्यांनी दोघांना मिसळ खाऊ घातली आणि स्वतः मात्र पावाला हातही लावला नाही.

एका प्रश्नानंच झालं. निकाल लागला तेव्हा क्रांती प्रतीक्षा यादीत पहिली होती. तिच्या वरच्या मुलाचे तिच्याहून दोन गुण जास्त होते, आणि तो आरशाचा प्रश्न पाच गुणांचा होता.

सर कराडला गेले. संस्थेत विज्ञान विभाग पल्लवी मॅडम बघायच्या. प्रश्नपत्रिका त्यांनीच काढली होती. सरांनी वाटेत सगळी तयारी केली होती. बोर्डाच्या पुस्तकात वस्तू डावीकडेच असते, उलटी आकृती देणं ग्रामीण मुलांवर अन्याय आहे, असं त्यांनी जरा चढ्या आवाजातच मांडलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. "सर, तेच तर बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "पाठांतर बोर्डाला कळतं. पोरगं चित्र उलटं झालं तरी प्रकाशाची वाट शोधतं का, ते आम्हाला हवं होतं. बऱ्याच जणांना नाही जमलं. काहींना जमलं. आणि चुकीचा प्रश्न असता तर मी सगळ्यांनाच गुण दिले असते."

"हिला येत होतं," सर म्हणाले. "तिनं आधी बरोबर लिहिलंय. खोडलंय फक्त."

"पाहिलंय मी. खोडलेलं तपासता येत नाही. एकाचं तपासलं तर सगळ्यांचं तपासावं लागेल." मग त्या जरा नरम झाल्या. "मलाही वाईट वाटलं. इतकं स्वच्छ सोडवून का खोडलं असेल, कळलं नाही. अंदाजानं लिहिलं असेल, असं वाटून गेलं."

हा आरोप सरांना सहन झाला नाही. अंदाज नाही, पोरीला हे डिसेंबरातच येत होतं, पुरावा आहे, असं म्हणत त्यांनी घाईघाईनं फोन काढला. ग्रुप वर सरकवत सरकवत गेले. फोटो सापडला. त्यांनी फोन मॅडमच्या पुढ्यात धरला.

मॅडमनी चष्मा वर केला. उजवीकडची वस्तू, उजेडाचा बाण, उणे तीस, अधिक वीस, अधिक साठ. वास्तव, उलटी, दुप्पट. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. "वा. हिनं स्वतः शोधलंय हे?"

"स्वतः."

"मग ही फुली कुणाची?"

फोटोवरची लाल फुली सरांनी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिली. ती भिंगावरून, बाणावरून आणि उत्तरावरून अशी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली होती. आमटीच्या हातानं मारलेली, घाईची. पोरीनं ती परीक्षेत बसल्या जागी आठवली होती, याचं त्यांना आता नवल वाटेना.

"माझी," सर म्हणाले.

पल्लवी मॅडमनी फोन हळूच सरांच्या बाजूला सरकवला. कुणी जागा सोडली तर पहिला फोन तुम्हालाच करीन, एवढं त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर सर बराच वेळ मोटारसायकलला किल्ली लावायचं विसरून उभे होते. जन्मभर ज्या गावात त्यांना मान मिळाला, त्याच गावात त्यांना तोंड लपवावंसं वाटत होतं.

कुणी जागा सोडली नाही. सरांनी जूनभर फोन उशाला घेऊन झोपायचा परिपाठ ठेवला, पण मॅडमचा फोन आला नाही. क्रांतीचं नाव तालुक्याच्या कॉलेजात आर्ट्सला लागलं. केरबा भेटला तेव्हा उलट त्यानंच सरांची समजूत घातली. "तुमी लय केलं सर. तिच्या नशिबात न्हवतं." सरांना वाटलं, याच्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जुलैत क्रांती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. कारकून जेवायला गेला होता. सरांनी तिला दहावीच्या रिकाम्या वर्गात बोलावलं. आज सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी फळा पुसला आणि स्वतः आकृती काढली. आरसा डावीकडे, वस्तू उजवीकडे. उजवीकडून डावीकडे जाणारा बाण.

"हे बघ क्रांती. तू डिसेंबरात पाठवलेलं बरोबर होतं. मी चुकलो. चुकलो म्हणजे, मला कळत होतं तुझं बरोबर आहे, तरी मी फुली मारली. वर्ग गोंधळेल म्हणून. परीक्षेतही तू आधी लिहिलंस ते बरोबर होतं. उणे साठ. वास्तव, उलटी, दुप्पट. तुझी जागा माझ्यामुळे गेली."

बोलून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी रडेल, चिडेल, निदान विचारेल की सर, मग तुम्ही असं का केलं. त्या प्रश्नाची त्यांनी तयारी केली होती. खरं तर तो प्रश्न यावा म्हणून ते आसुसले होते.

क्रांतीनं फळ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "व्हय सर," ती म्हणाली.

"विचार ना काहीतरी."

"काय इचारू?"

सरांनी खडू तिच्यापुढे धरला. "बरं, विचारू नको. तू काढ. भिंग घे, पहिल्यासारखं. तुझ्या पद्धतीनं काढ, तुला सोपं जातं तसं. मला बघायचंय."

क्रांतीनं खडू डाव्या हातात घेतला. फळ्याच्या उजव्या बाजूला भरपूर जागा मोकळी होती, आणि ती उभीही तिथंच होती. ती तिथून निघाली, सरांच्या मागून वळसा घालून फळ्याच्या डाव्या टोकाला गेली, आणि सरांनी काढलेल्या आरशाच्याही डावीकडे, कडेला उरलेल्या बोटभर जागेत तिनं वस्तूचा बाण उभा केला. मग अक्ष ओढत ती उजवीकडे सरकत आली. तिचा तळहात मागची रेघ पुसत येत होता. भिंगापाशी पोचेपर्यंत वस्तूचा अर्धा बाण फासला गेला होता.

"असंच न्हवं सर?" तिनं विचारलं.